यादीत न आलेली गाडी

तालुक्याच्या गावात विम्याची एजन्सी चालवणाऱ्याकडे सोमवारी सकाळी एक यादी येते. कधी ती कंपनीच्या शाखेतून मेलवर येते, कधी एजंटाने वर्षाची फी भरून घेतलेलं सॉफ्टवेअर ती व्हॉट्सॲपवर टाकतं. पाच-सहा रकाने असतात: ग्राहकाचं नाव, मोबाईल, गाडीचा नंबर किंवा पॉलिसी नंबर, संपण्याची तारीख, गेल्या वर्षी भरलेला हप्ता. पुढच्या तीस किंवा पंचेचाळीस दिवसांत ज्या पॉलिसी संपणार आहेत, त्यांची ही नोंद. एजंटांच्या बोलीत ‘रिन्युअल लिस्ट’.

बहुतेक ठिकाणी ती वरून खाली वाचली जाते आणि त्याच क्रमाने फोन लावले जातात. पण यादीतल्या ओळी सारख्या दिसल्या तरी त्या तारखेनंतर जे घडतं ते प्रत्येक ओळीचं वेगळं असतं. एका ओळीत मध्यरात्री बारानंतर सगळंच संपतं. दुसरीत महिनाभराची सवड असते, तीही अर्धीच. तिसरीत नुकसान तीन महिन्यांनी होतं. आणि सर्वांत मोठं नुकसान ज्या ग्राहकाचं होणार असतं, त्याचं नाव बऱ्याचदा यादीत नसतंच.

हे नीट कळावं म्हणून कराडसारख्या गावातली एक छोटी एजन्सी डोळ्यांसमोर आणू. नवरा-बायको आणि एक मदतनीस मुलगी, मुख्य काम गाड्यांच्या विम्याचं, जोडीला आरोग्यविमा. सोमवार, ५ जानेवारी २०२६. त्या दिवशीच्या यादीतल्या तीन ओळी अशा आहेत: भाजीपाला वाहणारा एक छोटा टेम्पो, फक्त थर्ड पार्टी, ८ जानेवारी. एका शिक्षकांची कार, पूर्ण विमा, १७ जानेवारी. आणि एका निवृत्त गृहस्थांचा आरोग्यविमा, २५ जानेवारी.

टेम्पोपासून सुरुवात करू, कारण तिथे हातात फक्त तीन दिवस आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. हा विमा आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी नसतो, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याच्यासाठी असतो. त्याला सवडीचे दिवस नाहीत. ८ तारखेची मध्यरात्र उलटली की ९ तारखेला पहाटे मार्केट यार्डाकडे निघालेला टेम्पो विम्याविना रस्त्यावर असतो. पोलिसांनी पकडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर दंड ४,००० रुपये. लोकांना या दंडाची भीती असते, पण खरा धोका दंडाचा नाही. त्या पहाटे कोणी टेम्पोखाली आलं आणि प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलं, तर जी भरपाई विमा कंपनीने दिली असती ती टेम्पोमालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात वरची मर्यादा नसते. म्हणजे विमा नसेल तर मालकाच्या देण्यालाही मर्यादा राहत नाही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी ती रक्कम टेम्पोमालकाकडून वसूल करायची कुठून, हा त्यापुढचा प्रश्न.

म्हणून या ओळीला पहिला फोन, आणि तो सोमवारीच. पैसे ८ तारखेच्या आत कंपनीकडे पोचायला हवेत, कारण विमा कायदा, १९३८ चं कलम ६४-व्हीबी स्पष्ट सांगतं की हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. “चेक देऊन ठेवतो, शनिवारी टाका” हे इथे चालत नाही. चेक वटला नाही तर पॉलिसी हातात असूनही आधार राहत नाही. मालवाहतुकीच्या गाड्या चालवणाऱ्यांची रोकड रोजच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. त्यांना तीन दिवस आधी सांगण्यापेक्षा तीन आठवडे आधी सांगणं बरं असतं. ही ओळ १५ डिसेंबरच्या यादीतही होती. त्या दिवशी कोणी फोन केला होता का, आणि काय उत्तर मिळालं, हे यादीत लिहिलेलं नसेल तर सोमवारची सुरुवात कोऱ्या पाटीने होते.

शिक्षकांच्या कारचं दुखणं निराळं आहे. कार २०२० च्या जानेवारीत घेतलेली, तेव्हापासून एकही दावा नाही. दावा न केलेल्या वर्षांबद्दल कंपनी ‘नो क्लेम बोनस’ देते. बोली भाषेत एनसीबी. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. त्यापुढे तो वाढत नाही. ही सवलत संपूर्ण हप्त्यावर नसते. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात, त्याच्यावरच ती मिळते. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, त्यात एनसीबी नाही.

समजा या कारचा ओन डॅमेजचा हप्ता सवलतीआधी ८,००० रुपये होतो. ५० टक्के बोनस असल्याने सरांना ४,००० भरावे लागतात. पॉलिसी १७ जानेवारीला संपली आणि त्यांनी ती वेळेत भरली नाही, तर दोन घड्याळं एकाच वेळी सुरू होतात. पहिलं लगेचचं: १८ तारखेपासून गाडीला कसलंच संरक्षण नाही, थर्ड पार्टीही नाही, आणि नंतर पूर्ण विमा घ्यायचा म्हटलं तर कंपनी साधारणपणे आधी गाडीची तपासणी करते. एजंट याला ‘ब्रेक-इन’ म्हणतात. सर्व बाजूंचे फोटो किंवा व्हिडिओ, चॅसिस नंबर, काचेवरचे तडे. जुनी ठोकर दिसली तर ती नोंदली जाते आणि तिचा दावा पुढे मिळत नाही. दुसरं घड्याळ हळू चालतं. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झालं तर बोनस टिकतो. १७ जानेवारीपासून नव्वदावा दिवस १७ एप्रिल. त्यानंतर सहा वर्षांत जमलेला बोनस शून्यावर येतो, सरांना ४,००० ऐवजी ८,००० भरावे लागतात, आणि १८ टक्के जीएसटी धरला तर फरक ४,७२० रुपयांचा होतो. तेही एका वर्षाचा नाही. ५० टक्क्यांवर परत पोचायला पाच वर्षं लागतात.

आता यादीकडे परत बघा. ती पुढच्या पंचेचाळीस दिवसांची आहे. १९ जानेवारीच्या सोमवारी सरांची ओळ तिच्यात नसते, कारण त्यांची तारीख उलटून गेलेली असते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती ‘येणारी’ तारीख उरलेली नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी सरांना फोनची गरज सर्वांत जास्त असते. त्यांनी गाडी घराबाहेर काढू नये, आणि एप्रिलच्या मध्याच्या आत बोनस वाचवता येतो, या दोन गोष्टी त्यांना कोणीतरी सांगायला हव्यात. परीक्षा, लग्नसराई, गावची जत्रा यांत तीन महिने कसे जातात कळत नाही. माझ्या मते अशा यादीची सर्वांत मोठी उणीव हीच आहे की ती फक्त पुढे बघते. ती पंचेचाळीस दिवस पुढे आणि नव्वद दिवस मागे, दोन्हीकडे बघणारी हवी. ज्यांच्याकडे सगळा हिशेब एक्सेलच्या पत्रकात आहे त्यांना हे एका रकान्यात करता येतं. संपण्याची तारीख डी रकान्यात असेल तर शेजारी एवढंच लिहायचं:

```
=AND(D2-TODAY()<=45, D2-TODAY()>=-90)
```

जिथे TRUE येईल ती ओळ आठवड्याच्या कामाची. नूतनीकरण झालं की डी रकान्यात नवी तारीख टाकायची, म्हणजे ओळ आपोआप बाहेर पडते.

तिसरी ओळ यादीत सर्वांत खाली आहे, २५ जानेवारी, आणि म्हणून ती सहसा पुढच्या आठवड्यावर ढकलली जाते. या गृहस्थांना मधुमेह आहे. त्यांनी पॉलिसी घेतली २६ जानेवारी २०२३ ला, आधीपासून असलेल्या आजारांसाठी छत्तीस महिन्यांच्या प्रतीक्षाकाळाची अट होती. ते छत्तीस महिने पूर्ण होतात २५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे पॉलिसी संपते त्याच दिवशी. तीन वर्षं त्यांनी हप्ते भरले, आणि मधुमेहाशी संबंधित उपचाराचा खर्च मिळायला सुरुवात होणार ती २६ तारखेपासून. जो दिवस त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, त्याच्या आदल्याच मध्यरात्री पॉलिसी संपते आहे, आणि यादीत ही गोष्ट कुठेही दिसत नाही. प्रतीक्षाकाळाचा रकानाच नसतो.

आरोग्यविम्यात सवडीचे दिवस असतात हे खरं आहे. वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्याला तीस दिवस मिळतात, मासिक हप्ता असेल तर पंधरा. पण त्या सवडीचा अर्थ लोक चुकीचा घेतात. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत हे तीस दिवस जुनी वर्षं वाचवण्यासाठी असतात, आजारपणासाठी नसतात. २४ फेब्रुवारीच्या आत पैसे भरले तर प्रतीक्षाकाळाचे छत्तीस महिने मोजले जातात, पॉलिसी अखंड धरली जाते. पण २६ जानेवारी ते पैसे भरण्याचा दिवस या मधल्या काळात दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर तो खर्च मिळत नाही. हप्त्याहप्त्याने भरणाऱ्यांना मात्र आता सवडीच्या काळातही संरक्षण चालू राहतं. आणि २४ फेब्रुवारीही उलटून गेली, तर त्यांना नवा ग्राहक म्हणून पुन्हा अर्ज करावा लागतो. तीन वर्षांनी वाढलेलं वय, मधुमेहाची नोंद, पहिल्या तीस दिवसांची सर्वसाधारण प्रतीक्षा आणि पुन्हा नव्याने सुरू होणारा प्रतीक्षाकाळ. कंपनी अर्ज नाकारूही शकते. शिक्षकांचं नुकसान चार-पाच हजारांत मोजता येतं, यांचं नुकसान मोजताच येत नाही. टेम्पोवाल्यानंतर लगेच दुसरा फोन यांनाच जायला हवा, मग तारीख वीस दिवसांवर का असेना.

याच ओळीत आणखी एक खाच आहे. यादीत ‘हप्ता’ म्हणून जी रक्कम छापलेली असते ती गेल्या वर्षी भरलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्यविम्यावरचा जीएसटी काढून टाकण्यात आला आहे. गेल्या जानेवारीत या गृहस्थांनी २३,६०० रुपये भरले असतील तर त्यात २०,००० हप्ता आणि ३,६०० कर होता. या वर्षी कर नाही, पण वयाचा टप्पा बदलला असेल किंवा कंपनीने दर वाढवले असतील तर मूळ हप्ताच वेगळा असेल. मदतनीस मुलीने यादीतला आकडा वाचून दाखवला तर तो चुकणार हे ठरलेलं. पेन्शनीवर घर चालवणाऱ्या माणसाला एकदा चुकीची रक्कम सांगितली आणि नंतर दुसरी मागितली की त्याच्या मनात शंका येते. आधी कंपनीच्या पोर्टलवरून या वर्षाचा आकडा काढायचा, मगच फोन करायचा.

यादीत नसलेली गाडी अजून बाकी आहे. गावातल्या एका हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या नर्सताईंनी १२ जानेवारी २०२४ ला नवी कार घेतली. १ सप्टेंबर २०१८ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र एकेका वर्षाचा घेता येतो. म्हणून ताईंच्या शोरूमच्या पॉलिसीवर संपण्याच्या दोन तारखा होत्या: ओन डॅमेज ११ जानेवारी २०२५, थर्ड पार्टी ११ जानेवारी २०२७. पहिल्या वर्षानंतर त्यांनी कराडच्या या एजन्सीकडून ओन डॅमेज ११ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घेतला. एजन्सीच्या पत्रकात संपण्याच्या तारखेचा रकाना एकच आहे. मदतनीस मुलीने जुन्या पॉलिसीवरून नोंद केली आणि समोर दिसलेली दूरची तारीख उचलली, २०२७. त्यामुळे ५ जानेवारीच्या यादीत ताई नाहीत. १२ च्याही नाहीत.

यात फसवणूक अशी आहे की काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. चौकात हवालदाराने गाडीचा नंबर तपासला तर विमा ‘चालू’ दिसतो, कारण थर्ड पार्टी खरोखर चालू आहे. ताईंच्या मोबाईलमध्ये पॉलिसीची पीडीएफ आहे आणि तिच्यावर २०२७ लिहिलेलं आहे. फेब्रुवारीत रात्रपाळीहून परतताना गाडी दुभाजकावर चढली, पुढचा भाग चेपला, की गॅरेजमध्ये पहिल्यांदा कळतं की दुरुस्तीचा विमा महिन्यापूर्वीच संपला. बिल पूर्ण त्यांचं. दुचाकीत हे आणखी सहज घडतं, कारण तिथे दूरची तारीख पाच वर्षांवर असते आणि मधल्या चार नूतनीकरणांची आठवण कोणालाच राहत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो मनावर घेऊन करावा लागतो. गाडीच्या पत्रकात तारखेचे दोन रकाने ठेवायचे, एक ओन डॅमेजचा, एक थर्ड पार्टीचा, आणि यादी दोन्हींवरून काढायची. दुसरा उपाय मोजणीचा. महिन्याच्या सुरुवातीला गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यातला जमाखर्च काढायचा. समजा गेल्या जानेवारीत ३८ पॉलिसी दिल्या आणि या जानेवारीत संपणाऱ्यांच्या यादीत ३५ च ओळी आहेत, तर तीन कुठे गेल्या ते शोधायचं. एखादी दोन वर्षांची असेल, एखाद्याची पॉलिसी मध्येच रद्द झाली असेल. या दोन्हींत न बसणारी तिसरी सापडली की बहुधा तिथेच एखाद्या ताईंची कार असते. मला हा मेळ घालण्याचा अर्धा तास फोन करण्याच्या अर्ध्या दिवसापेक्षा मोलाचा वाटतो.

कंपनीकडून आलेली फाइल एक्सेलमध्ये उघडताना तारखांचा आणखी एक घोळ होतो आणि तोही डोळ्यांना दिसत नाही. संगणकावर अमेरिकी पद्धत लावलेली असेल तर तो महिना आधी वाचतो. ०५/०२/२०२६ म्हणजे ५ फेब्रुवारी; संगणक ती २ मे समजतो आणि पॉलिसी यादीतून तीन महिने लांब जाते. २५/०१/२०२६ मध्ये पंचविसावा महिना नसतो, म्हणून तो तिला तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतो. अर्ध्या ओळी सरकतात, अर्ध्या मुक्या होतात. ओळखायची खूण अशी: खरी तारीख चौकटीत आपोआप उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की संपूर्ण फाइल संशयास्पद धरायची, फक्त डावीकडच्या ओळी नव्हे. उजवीकडे टेकलेल्या, खऱ्या वाटणाऱ्या तारखाच तिथे जास्त चुकलेल्या असतात. संगणकाची तारीख पद्धत भारतीय करून फाइल पुन्हा उघडायची.

फोनवर काय बोलायचं यातही एक गोष्ट आधी यायला हवी. बहुतेक एजंट “सर, गाडीचा इन्शुरन्स संपतोय, भरून टाकू ना?” असं सुरू करतात. त्याआधी विचारावं, “गाडी तुमच्याकडेच आहे ना?” विकलेल्या गाडीची ओळ यादीत तशीच येत राहते. विक्रीनंतर घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीला कळवायचं असतं. ते झालेलं नसेल आणि जुन्या मालकाच्या नावे पुन्हा हप्ता भरला गेला, तर ओन डॅमेजच्या दाव्यात अडचण येते. शिवाय बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणाऱ्याने कंपनीकडून तसं प्रमाणपत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो लावता येतो. गाडी विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. या एका प्रश्नाने एजंटाच्या हातून एक पॉलिसी जाते खरी, पण ग्राहकाचा वर्षानुवर्षांचा बोनस वाचतो आणि गाडी घेणाऱ्याचा नवा अर्जही मिळू शकतो.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येक ओळीसमोर काहीतरी पक्कं लिहिलेलं हवं: नव्या पॉलिसीचा नंबर, दुसरीकडे घेतली, गाडी विकली, किंवा नको म्हणाले. ‘भेटतो म्हणाले’ ही नोंद कोऱ्या जागेसारखीच आहे. पुढच्या सोमवारी त्या माणसाला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातो, आणि टेम्पोची गुरुवारची मध्यरात्र मधेच निघून जाते.

ज्यांची पॉलिसी अशा एखाद्या यादीत आहे किंवा असायला हवी, त्यांनी एजंटाच्या फोनची वाट पाहण्याचं कारण नाही. कार किंवा स्कूटर २०१८ च्या सप्टेंबरनंतर नवी घेतली असेल तर पॉलिसीचं पहिलं पान उघडा. ओन डॅमेज आणि लायबिलिटी या दोन शब्दांसमोर विम्याचा कालावधी स्वतंत्र छापलेला असतो. त्यातली जवळची तारीख एजंटाला कळवा आणि त्याच्या पत्रकात कोणती आहे ते विचारा. आरोग्यविमा असेल तर पहिली पॉलिसी कोणत्या तारखेला सुरू झाली आणि प्रतीक्षाकाळ किती महिन्यांचा आहे, हेही त्याच फोनवर त्याला लिहून घ्यायला सांगा.